मदत हवी आहे: १४ महिने जिम करूनही शरीर फोटोतल्यासारखं का होत नाही?

पहाटवारा: वय २६, उंची १७३ सेमी. सुरुवातीला वजन ६६ होतं, आता ७१ आहे. आठवड्यातून चार दिवस जातो, स्क्वॉट ४० किलोवरून ९० वर आलाय. इन्स्टावर एकाला फॉलो करतो. उंची माझ्याएवढीच, आणि स्वतःला नॅचरल म्हणवतो. रोज रात्री आरशासमोर उभा राहतो, मोबाईल शेजारी धरतो आणि त्याचं पोट, माझं पोट बघत बसतो. तीन आठवड्यांपूर्वी रात्रीचं जेवण निम्मं केलं. तेव्हापासून झोप नीट लागत नाही, आणि बेंचला ज्या वजनावर ५ रेप्स निघायचे तिथे आता ३ निघतात. माझं जेनेटिक्सच खराब आहे का? नेमकी किती अपेक्षा ठेवायची?

लोहदंड: भावा, ते सगळे इंजेक्शनवाले असतात. एफएफएमआय काढ, २५ च्या वर गेला की माणूस नॅचरल नाही. विषय संपला.

वाटसरू: प्रोटीन पावडर कुठली घेतोस? मला दोन-तीन सुचवायच्या आहेत.

पहाटवारा: @वाटसरू, पावडरचा प्रश्न नाहीये हो. @लोहदंड, हा आकडा काढतात कसा?

जुना_खेळाडू: मी काढून दाखवतो. वजनातून चरबी वजा करायची आणि उरलेल्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. तुझी चरबी १७ टक्के धरू. ७१ किलोतून १२ गेले, उरले ५९. भागिले १.७३ चा वर्ग, म्हणजे जवळपास ३. उत्तर १९.७. सुरुवातीलाही चरबी तेवढीच असेल तर तेव्हा १८.३ होता. म्हणजे १४ महिन्यांत चार किलो चरबीविरहित वजन वाढलंय. याला खराब जेनेटिक्स म्हणत नाहीत.

आता पुढचं. २२ पर्यंत पोचलास तर कपड्यांतूनही व्यायाम दिसेल. त्यासाठी ६६ किलो चरबीविरहित वजन लागेल, म्हणजे अजून सात. पहिल्या वर्षाचा वेग दुसऱ्या वर्षी साधारण निम्म्यावर येतो आणि नंतर आणखी मंदावतो, त्यामुळे पाच वर्षं तरी धर. १३ टक्के चरबीला वजनकाट्यावर ७६ दिसेल. आजच्यापेक्षा फक्त पाच किलो जास्त, पण तो माणूस वेगळाच दिसतो. आणि निम्म्या जेवणावर हे सात किलो येणार नाहीत. तुझे रेप्स तेच सांगतायत.

@लोहदंड, २५ ही लक्ष्मणरेषा नाही. तो आकडा १९९५ च्या एका अभ्यासातून आलाय. त्याच अभ्यासात १९३९ ते १९५९ च्या मिस्टर अमेरिका विजेत्यांची सरासरी २५.४ निघाली होती, आणि तो काळ स्टेरॉइड्स सर्रास होण्याआधीचा. उलट २२ वाला माणूसही औषधं घेत असू शकतो. नुसत्या फोटोवरून कोणाचीच खात्री देता येत नाही.

लोहदंड: मिस्टर अमेरिकाचं माहीत नव्हतं. पण माझा संशय कायम आहे.

शलाका: माझा अनुभव वेगळा आहे, पण सांगते. मी फिल्टरमधली कंबर खरी समजून खाणं कमी केलं. चार महिने पाळी आली नाही, केस गळायला लागले. डॉक्टरांनी आधी जेवण वाढवायला लावलं. पहाटवारा, आरशासमोर किती वेळ जातो? माझा तास-दीड तास जायचा. शेवटी समुपदेशकाकडे गेले, तेव्हा ते सुटलं.

पहाटवारा: ताई, पाऊण तास तरी जातो. हे कोणाला सांगितलं नव्हतं.

जुना_खेळाडू: मग शलाका सांगतेय ते आधी कर, आकडे नंतर. आणि एक प्रयोग करून बघ. एकाच दिवशी दोन फोटो काढ. एक सकाळी उठल्यावर, खिडकीकडे तोंड करून. दुसरा व्यायाम संपल्या संपल्या, डोक्यावरच्या दिव्याखाली. मग त्या माणसाच्या फोटोत कंबरेमागच्या सरळ रेषा बघ, दाराची चौकट किंवा फरशीचे सांधे. एडिटिंगमध्ये कंबर आत ओढली की त्याही वाकतात. मागे कोरी भिंत असेल तर मात्र काही कळत नाही.

पहाटवारा: केलं. संध्याकाळच्या फोटोत खांद्यावर कट्स आहेत, सकाळच्यात तोच खांदा सपाट. मधे दहाच तास गेलेत. आणि त्याच्या एका फोटोत कोपराजवळ दाराची चौकट चक्क आत वळलीय. बाकीच्या सगळ्या फोटोंत मागे कोरी भिंत आहे.

जेवण पूर्ववत केलंय. फोटो आता महिन्याच्या १ तारखेलाच काढेन, सकाळच्या उजेडात. समुपदेशकांची वेळ गुरुवारची मिळालीय. पण एक अडचण आहे. जिमच्या मशीनवर चरबी परवा १४ आली, आज १९. कुठली धरू?

जुना_खेळाडू: दोन्ही सोडून दे. अंगातलं पाणी कमी-जास्त झालं तरी त्या मशीनचा आकडा हलतो. बेंबीपाशी टेप लावून कंबर मोज आणि स्क्वॉटची वही ठेव.

शलाका: त्याला अनफॉलो केलंस का?

पहाटवारा: अजून नाही. काल रात्री पुन्हा उघडला होता.