पगार बंद, हप्ता चालू: बँकेशी बोलून परतफेड बदलून घेतली असेल तर अनुभव लिहा

सायली

मैत्रिणीने विचारलं, "हप्ते थोडे दिवस थांबवायला बँकेत कुणाला भेटू?" एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून धागा काढतेय. आधी माझंच सांगते.

हिंजवडीतली नोकरी गेली तेव्हा गृहकर्जाचे 28 लाख बाकी होते. व्याज साडेआठ टक्के, 180 हप्ते शिल्लक, हप्ता साधारण 27,570. हप्त्याची तारीख पाच. एकही हप्ता चुकायच्या आत, महिनाअखेरीलाच शाखेत गेले आणि म्हटलं, "सहा महिने हप्ता नको."

तिथल्या मॅडमनी आकडे काढून स्क्रीन माझ्याकडे फिरवली. सहा महिने काहीच भरलं नाही तर व्याज मुद्दलात मिसळून बाकी 29 लाख 21 हजारांवर जाणार. मग हप्ता तेवढाच ठेवला तर 180 ऐवजी 197 हप्ते भरावे लागणार. सहा महिन्यांच्या सुटीसाठी सतरा हप्ते जास्त! मी म्हटलं, हे चुकलंय. घरी नवऱ्याने परत मांडलं, उत्तर तेच.

मग मॅडमच म्हणाल्या, "फक्त व्याज भराल का?" म्हणजे महिना सुमारे 19,800. नवऱ्याच्या पगारातून ओढाताण करून जमत होतं. मुद्दल 28 लाखांवरच थांबलं आणि सहा महिन्यांनी तेच 180 हप्ते पुन्हा सुरू झाले. कर्ज सहा महिन्यांनी लांबलं, एवढंच.

कागद: कंपनीचं पत्र, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, नवऱ्याची सॅलरी स्लिप आणि कधीपासून पूर्ण हप्ता भरेन ते लिहिलेला अर्ज. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली.

राजू_ठाणे

एवढी धावपळ कशाला? नोकरी गेली की बँकेला तीन महिने हप्ता माफ करावाच लागतो, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आम्ही 2020 मध्ये घेतला होता.

निवृत्त_बँकवाला

राजूभाऊ, तो नियम कोविडपुरता होता. मार्च ते ऑगस्ट 2020. तेव्हाही बँकांना मुभा दिली होती, सक्ती नव्हती. आणि माफ काहीच नव्हतं, व्याज चढतच होतं. व्याजावरचं व्याज तेवढं नंतर परत मिळालं. आज असा सरसकट हक्क नाही, विनंती करावी लागते.

सायलीताई, तुम्ही हप्ता चुकायच्या आधी गेलात हे बरं झालं. थकबाकी नव्वद दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, धरलं जातं, मग शाखेच्या हातात फारसं राहत नाही. दुसरी बाजूही सांगतो. कर्जदार अडचणीत आहे म्हणून अटी सैल केल्या, तर एरवीच्या नियमांत ती पुनर्रचना धरतात आणि चांगलं चाललेलं खातंही एनपीएमध्ये टाकावं लागतं. म्हणून शाखेतले लोक हा शब्द ऐकला की मागे सरतात. तुमचं खातं कसं नोंदवलंय?

सायली

काका, हे तेव्हा कुणी बोललंच नाही. सिबिलमध्ये आजवर तरी वावगं काही दिसलेलं नाही.

निवृत्त_बँकवाला

मग शाखेने ते कशात बसवलं हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मंजुरीचं पत्र काढून बघा.

कोरडवाहू

आमच्याकडे पुनर्गठन म्हणतात. सोयाबीन गेलं, सरकारी अंदाजात पिकाची पैसेवारी पन्नासच्या आत आली, तर बँकेने पीक कर्जाचे हप्ते पाडून दिले. पण नवीन पीक कर्ज मागायला गेलो तर "जुनं भरा" म्हणाले. तुमचं पगाराचं प्रकरण वेगळं असेल, तरी विचारून ठेवा: पुढचं कर्ज मिळेल का?

अनघा

माझं वैयक्तिक कर्ज होतं, घरासारखं तारण नाही. क्लिनिक तीन महिने बंद राहिलं. कर्ज देणाऱ्या कंपनीने फोनवर मुदत वाढवायला होकार दिला, पण लेखी काही आलं नाही. पाच तारखेला जुन्याच रकमेचा हप्ता ओढायला आला आणि बाउन्स झाला. दंड कंपनीचा वेगळा, माझ्या बँकेचा वेगळा. पत्र आठ दिवसांनी आलं.

नंतर वसुलीवाल्याने "सेटलमेंट करून टाका, कमी भरा" म्हणून गळ घातली. सही करणार होते, भावाने थांबवलं. रकमेत सूट घेतली की सिबिलवर 'सेटल्ड' लागतं आणि पुढचा सावकार तेच आधी बघतो.

राजू_ठाणे

बरं, चुकलो. पण सायलीताई, नवरा कमावता नसता तर 19,800 तरी कुठून आणले असते?

सायली

मग 29 लाख 21 हजारवालाच रस्ता धरला असता, हे मॅडमना सांगितलंही होतं. वर चढलेले एक लाख एकवीस हजार नोकरी लागल्यावर एकरकमी भरायचे, असं ठरवलं होतं. बदलत्या दराच्या गृहकर्जात आधी भरल्याचा दंड नसतो, त्यामुळे ते सतरा हप्ते टळले असते.

अनघा

आणि सहा महिन्यांतही नोकरी लागली नसती तर?

सायली

तेच विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "पाचव्या महिन्यात या, सातव्यात नको."