फ्रंट लोड मशीनच्या ड्रममध्ये पाणी साठून राहते : आपले अनुभव सांगावेत

धागालेखिका : गेल्या आठवड्यात धुणे संपल्यावरही ड्रममध्ये दाराच्या खालच्या कडेपर्यंत साबणाचे पाणी तसेच राहिले. पंपाची घरघर ऐकू येत होती. प्लग काढून, पाणी निवू देऊन मी खालच्या झाकणामागचा फिल्टर हळूहळू सैल केला, तर ड्रम भरलेला असूनही जेमतेम पेलाभर पाणी आले आणि फिल्टर स्वच्छ निघाला. मग दाराचे कुलूप सुटल्यावर मगाने पाणी उपसले, मागचे पॅनेल उघडले आणि ड्रमच्या तळापासून पंपाकडे येणारी जाड रबरी नळी सोडवली. तिच्या तोंडाशी बाळाचा मोजा घट्ट बसलेला होता. आपल्याकडे अडथळा कोठे सापडला आणि तो कसा ओळखला, हे कृपया लिहावे.

प्रतिसाद १ : पंप घरघरतो आणि पाणी जात नाही, म्हणजे पंप निकामी झाला, असा माझा अनुभव आहे. फिल्टरच्या जागेतून बोट घालून पाते फिरवले तेव्हा ते अडखळत होते. नवा पंप बसवताच पाणी जाऊ लागले.

प्रतिसाद २ : मी ही यंत्रे बरीच वर्षे दुरुस्त करतो. पाते टप्प्याटप्प्याने अडखळत फिरणे हा दोष नव्हे. आतल्या चुंबकामुळे चांगल्या पंपाचे पातेही तसेच फिरते. ते मुळीच हलत नसेल किंवा अगदी मोकळे, आसावर सैल फिरत असेल, तरच पंपावर संशय घ्यावा. आपल्या जुन्या पंपात केस किंवा दोरा गुंतलेला असण्याची शक्यता मला अधिक वाटते. धागालेखिकेने सांगितलेली खूण फार मोलाची आहे : फिल्टर उघडताच पाण्याचा लोट आला, तर अडथळा फिल्टरमध्ये, पंपात किंवा पुढे असतो, आणि भरलेल्या ड्रममधून पाणी आलेच नाही, तर तो फिल्टरच्या आधी असतो. पुढचा भाग तपासण्यासाठी बाहेरच्या नळीचे टोक भिंतीतल्या पाइपातून काढून त्याच उंचीवर बादलीत धरावे आणि फक्त पाणी काढण्याचा कार्यक्रम लावावा; बादलीत जोरदार धार पडली, तर यंत्र ठीक असून भिंतीतला पाइप तुंबलेला आहे.

प्रतिसाद ३ : आमच्याही मशीनमध्ये दाराच्या रबराच्या घडीत नेहमी दोन चमचे पाणी राहते. पंप बदलावा का?

प्रतिसाद २ : नको. ते पाणी आणि फिल्टरच्या खोलगट जागेत उरणारे थोडे पाणी पंप काढू शकत नाही. घडी कोरड्या फडक्याने पुसावी.

प्रतिसाद ४ : आमच्याकडे बादलीत धार नीट पडते, भिंतीतला पाइपही साफ करून घेतला, तरी चार-पाच धुण्यांतून एकदा पाणी राहतेच. त्या वेळी पंपाचा आवाजच येत नाही.

प्रतिसाद २ : आवाजच नसेल, तर मी आधी पंपाच्या तारांचा जोड तपासेन. तो कधी सैल पडतो. पण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बोर्डाचा दोष आहे की पंपाचा, हे सांगता येणार नाही.