पाहुण्या उद्योजिकेची ओळख दोन मिनिटांत करून द्यायची आहे, मसुद्यातलं काय कापू?

छापखानावाला
नमस्कार मंडळी. कराडला आमची छोट्या व्यावसायिकांची संघटना आहे, चाळीसेक सभासद. माझा ऑफसेटचा छापखाना. येत्या रविवारच्या बैठकीत सोलापूरहून एक उद्योजिका बोलायला येत आहेत. कडक भाकरीचा धंदा. नाव इथे लिहीत नाही, ताई म्हणतो. त्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय आणि अध्यक्षांनी मोजून दोन मिनिटं दिली आहेत.

ताईंच्या परिचयाचं दीड पान एका ओळखीच्यांकडून व्हॉट्सॲपवर मिळालं. त्यावरून लिहिलेली सुरुवात अशी:

“आजच्या प्रमुख पाहुण्या सौ. … यांचा परिचय करून देताना मला अत्यंत आनंद होत आहे. त्यांचा जन्म मंगळवेढा तालुक्यातील शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षण बारावीपर्यंत. चूल आणि मूल सांभाळून त्यांनी दोन बायकांना हाताशी धरून भाकरी थापायला सुरुवात केली. पतीच्या भक्कम पाठिंब्यामुळे आज त्यांच्याकडे २६ महिला काम करतात. पहिल्याच पावसाळ्यात मुंबईला पाठवलेला माल मऊ पडून परत आला, पण त्या डगमगल्या नाहीत…”

पुढे चार पुरस्कार आहेत. घड्याळ लावून वाचलं तर साडेचार मिनिटं झाली. घरी वाचून दाखवलं, तर मंडळी म्हणाल्या निम्म्यावर लक्ष उडालं. समोर फॅब्रिकेशनवाले, बॅटरीवाले, झेरॉक्सवाले बसणार. भाकरीचं ऐकून त्यांनी काय करायचं? ताईंचा विषय आहे ‘दुकानदाराकडून परत येणारा माल’. काय ठेवू, काय काढू?

बाजारपेठ_सातारा
पुरस्कार आधी घ्या, लगेच उलाढालीचा आकडा सांगा. आकड्याशिवाय माणसं सरसावून बसत नाहीत. आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मानांकन आहे, ते सोडू नका. पाहुण्यांना वजन येतं.

निवेदिका
वीस वर्षं सभांची निवेदनं करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मसुद्यातली सगळ्यात मोठी चूक लांबीची नाही. मुंबईहून माल परत आल्याची गोष्ट तुम्ही सांगून टाकली आहे. विषयच परतीच्या मालाचा आहे, म्हणजे ताई बहुतेक तिथूनच सुरुवात करणार. तुम्ही आधी सांगितलंत तर त्या उभ्या राहून “आत्ताच दादांनी सांगितलं तसं” म्हणतील आणि त्यांची पहिली पाच मिनिटं फुकट जातील. ओळख करून देणाऱ्याने दार उघडायचं असतं, घर दाखवायचं काम पाहुण्यांचं.

फॅब्रिकेशनवाल्याला भाकरीशी देणंघेणं नाही, पण ग्रिल बसवून झाल्यावर “माप चुकलंय, घेऊन जा” हे त्यानेही ऐकलंय. तुमच्या छापखान्यात तारीख चुकलेल्या लग्नपत्रिका परत आल्या असतीलच. सुरुवात तिथून करा. मग याच अडचणीवर बोलायला या बाई का, ते दोन वाक्यांत. नाव सगळ्यात शेवटी. सभेत आपण सावकाश बोलतो, मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द, त्यामुळे एकूण सव्वादोनशेच्या वर जाऊ नका.

आकड्यांबद्दल बाजारपेठ यांचं निम्मं बरोबर आहे. आकडा हवा, पण कामाचा. उलाढाल पाहुण्यांना न विचारता कधीच जाहीर करायची नाही. खोलीत त्यांचा एखादा गिऱ्हाईक किंवा पुरवठादार बसलेला असू शकतो. ज्वारीचंही तेच. जन्म मंगळवेढ्याचा म्हणून ज्वारी तिथलीच असेल असं नाही.

आणि हे सगळं लिहायच्या आधी ताईंना स्वतः फोन करा. व्हॉट्सॲपवर फिरणारा परिचय किती जुना आहे ते त्यावर लिहिलेलं नसतं. नाव, आडनाव कसं घ्यायचं, आज किती जणी कामाला आहेत आणि कशाचा उल्लेख नको, एवढं विचारा.

बॅटरीवाला
आमच्या ग्रुपमध्ये एका मिनिटाचीच ओळख असते. नाव, धंद्याचं नाव, काय विकतो, कसलं गिऱ्हाईक हवं आणि फोन नंबर. तेवढं पाठ करा, अडचण येणार नाही.

निवेदिका
ती स्वतःची ओळख झाली. इथे दुसऱ्याची करून द्यायची आहे.

डबेवाली_काकू
माझा अनुभव सांगते. मी केटरिंग करते. एका मेळाव्यात मला बोलायला बोलावलं आणि माईकवरून “अमुक साहेबांच्या सौभाग्यवती, फावल्या वेळात डबे करतात” अशी ओळख झाली. रोज पहाटे चारला उठून ऐंशी डबे भरते मी. मिस्टर माझे चांगलेच आहेत, पण त्या दिवशी बोलायला उभी राहिले ते घशात आवंढा घेऊनच. ‘चूल आणि मूल सांभाळून’ काढा भाऊ. तुमच्या बॅटरीवाल्यांची ओळख करून देताना त्यांची मुलं कोण सांभाळतं ते सांगता का?

छापखानावाला
काकू, काढलं. आणि निवेदिकाताई, फोन केला ते फार बरं झालं.

तो परिचय पाच वर्षांपूर्वीचा निघाला. ताईंचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. मी चाळीस माणसांसमोर ‘सौ.’ म्हणून वर ‘पतीचा भक्कम पाठिंबा’ म्हणणार होतो. विचारानेच पोटात गोळा आला. मी चाचरत ‘श्रीमती’ म्हणू का विचारलं, तर त्या म्हणाल्या, “नुसतं नाव घ्या. पुढेमागे काही नको.”

२६ चा आकडाही जुना. आता १९ जणी आहेत, त्याचं कारण त्या स्वतः भाषणात सांगणार आहेत. ज्वारी मालदांडी, पण बार्शीच्या बाजारातूनही घेतात, म्हणून जीआयचं काढलं. माल परत येण्याच्या गोष्टीनेच त्या सुरुवात करणार आहेत. नवा मसुदा:

“मंडळी, आपण पाठवलेला माल दुकानदाराने परत केला, असं इथे किती जणांच्या बाबतीत झालंय? (हात वर होईपर्यंत थांबायचं.) माझाही हात वर आहे. परत आलेल्या मालाचं नुकसान आपण वहीत मांडतो, पण तो का परत आला ते क्वचितच लिहून ठेवतो. आजच्या पाहुण्या ते लिहून ठेवतात. त्यांचा माल असा, की पाकिटात जरा हवा शिरली तरी मऊ पडतो. तरी सोलापुरात १९ जणींच्या हातांनी तयार झालेली ही कडक भाकरी आज मुंबईच्या दुकानांत पावसाळ्यातही टिकते. परतीची ती वही त्यांनी सोबत आणली आहे. त्या वहीतलं ऐकायला आपण बोलावलंय… यांना.”

वाचून एक मिनिट भरलं.

निवेदिका
छान. वहीचं त्यांना विचारून घातलंत ना? तसं असेल तर ‘पावसाळ्यातही टिकते’ एवढं काढा. कसं टिकवलं, हे त्यांच्या भाषणाचं टोक असेल. नाव घेतल्यावर लगेच खाली बसू नका. त्या माईकपाशी येईपर्यंत थांबा, माईकची उंची त्यांच्या बेताची करा, मगच बाजूला व्हा.

बाजारपेठ_सातारा
फोनचं पटलं. नाव शेवटी हे मात्र पटत नाही. उशिरा येणारे कोण बोलतंय म्हणून शेजारच्याला विचारत बसतात. सुरुवातीलाही एकदा घ्या.

निवेदिका
बॅनरवर नाव असेल तर गरज नाही. बॅनर नसेल तर तुमचं बरोबर.

छापखानावाला
बॅनर मीच छापतोय, नुसतं नाव, ‘सौ.’ नाही. वहीचं विचारलंय, त्या आणणार आहेत. ‘टिकते’चं वाक्य काढून ‘मुंबईच्या दुकानांत जाते’ केलं.

एक प्रश्न उरतो. अध्यक्षांना चारही पुरस्कार वाचून हवेत, त्यातला एक त्यांच्या ओळखीच्या संस्थेचा आहे. निमंत्रणपत्रिकेच्या मागे छापून देतो म्हटलं, तर “माईकवरून झालं पाहिजे” म्हणतात. रविवारपर्यंत कुणाला काही सुचलं तर लिहा.