‘नेटवर्क उडवणे’ म्हणजे नेमकं काय उडतं? रीसेटला आपला शब्द कोणता?

टॉवेलवाली_वहिनी
नमस्कार मंडळी, विचारायचाय शब्दच, पण आधी प्रसंग सांगते म्हणजे शब्दावर का अडलेय ते कळेल. माझे दीर टेम्पोतून टॉवेलच्या गाठी घेऊन सोलापूर ते विजापूर फेऱ्या मारतात. गेला महिनाभर असं व्हायलंय की टाकळीचा भीमेवरचा पूल ओलांडून पलीकडं गेलं की फोन मुका, वर नुसतं आणीबाणीचा कॉल म्हणून दिसतंय, आणि येताना पूल ओलांडून अलीकडं आले की सगळं ठीक. बरोबरचा क्लीनर, त्याचं सिम त्याच कंपनीचं, त्याला विजापुरात पूर्ण रेंज. दुकानात दाखवलं तर तो म्हणाला "नेटवर्क उडवावं लागतंय". उडवावं म्हटल्यावर दिरांनी फोन हातातून ओढूनच घेतला, कारण त्यात गिऱ्हाइकांचे नंबर, गाठी उतरवल्याचे फोटो, व्हॉट्सअपवरचा हिशोब, सगळा धंदा त्या फोनात हाय. घरी येऊन म्हणतात काही उडवायचं नाही. फोन मराठीत लावलाय तर तिथं लिहिलंय "रीसेट करा" आणि त्याच पानावर खाली "सर्व डेटा मिटवा". आता रीसेट आणि मिटवणे यात फरक काय, आणि रीसेटला असा मराठी शब्द हाय का की ऐकून माणूस घाबरणार नाही आणि फसणारपण नाही?

सात_रस्ता_सन्या
वहिनी शब्द सोप्पाय, ‘पुन्हा जोडणे’. नेटवर्क रीसेट म्हणजे फोन टॉवरला सोडतो आणि परत नव्यानं पकडतो, बाकी काही होत नाही, बिनधास्त करा. मी तर रेंज गेली की दर वेळी करतो.

होटगी_रोडचे_मामा
सन्या, अर्धं बरोबर हाय तुझं. टॉवर सोडून परत पकडायला रीसेट कशाला लागतंय, ते विमान मोड चालू करून अर्ध्या मिनिटानं बंद केलं की होतंय, आणि त्यात कुठलीच सेटिंग जात नाही. रीसेटमध्ये जातंय. दर वेळी करत असशील तर दर वेळी घरचा वाय-फाय पासवर्ड परत टाकत असशील बघ.

वहिनी, मी बरीच वर्षं टेलिफोनच्या लाइनीवर काम केलेला माणूस, मोबाइल नंतर शिकलो. तुमच्या प्रश्नात शब्द आणि बिघाड दोन्ही एकमेकांत अडकलेत म्हणून आधी बिघाडाचं विचारतो. पूल ओलांडला की जातंय, अलीकडं आलं की येतंय, आणि शेजारच्या माणसाला त्याच कंपनीची रेंज तिथं हाय. म्हणजे टॉवर हाय, सिम जिवंत हाय, फोनची एरियलपण ठीक हाय. मग कुणीतरी फोनला सांगून ठेवलंय की फक्त हेच नेटवर्क पकड. सेटिंगमध्ये सिमच्या पानावर ‘नेटवर्क आपोआप निवडा’ असं बटण असतंय, इंग्रजी फोनवर `Automatically select network`. ते बंद हाय का बघा.

विडी_घरकुल_अक्का
माझं वेगळंच झालंय, वायफायच्या डब्याच्या मागं एक बारीक भोक असतंय त्यात टाचणी घालून दाबली दहा सेकंद, तर घरातलं सगळ्यांचंच नेट गेलं. रीसेट अजिबात करू नका ओ वहिनी!

होटगी_रोडचे_मामा
अक्का, ते राऊटरचं रीसेट. तुम्ही डब्याला विसरायला लावलंत, म्हणून घरातले सगळेच अडकले. डब्याच्या खाली स्टिकर असतंय बघा, त्यावरचं नाव आणि पासवर्ड आता चालायला पाहिजे, पण इंटरनेटवाल्यानं आत स्वतःचं युजरनेम टाकलेलं असेल तर त्याला बोलवावंच लागंल. वहिनी विचारतात ते फोनचं रीसेट, त्यात डब्याला काहीच होत नाही, फक्त त्या एका फोनला डबा अनोळखी होतो.

चाटी_गल्ली_शेट
माझ्या वडलांच्या फोनचं ‘नेटवर्क रीसेट’ एका पोरानं केलं आणि सगळे फोटो गेले. लग्नातले, तीर्थयात्रेतले, सगळे. त्यामुळं मामा काहीही म्हणू दे, नेटवर्क रीसेटनं फोटो जातात हे मी डोळ्यानं बघितलंय.

होटगी_रोडचे_मामा
शेट, वाईट झालं ते. पण नेटवर्क रीसेटनं फोटो जात नाहीत, नंबर, मेसेज, ॲप काहीच जात नाही. त्या पोरानं त्याच पानावरची खालची ओळ दाबली असणार. वहिनी म्हणतात तेच, `Settings` मध्ये `System`, त्यात `Reset options`, तिथं नेटवर्कचं रीसेट आणि सगळा फोन पुसायचं रीसेट एकाखाली एक असतात. काही फोनला `General management` मध्ये. दोन्हीला नाव रीसेटच. खूण एकच, दाबायच्या आधी फोन जी यादी दाखवतो ती वाचायची: त्यात वाय-फाय, मोबाइल डेटा, ब्लूटूथ एवढंच लिहिलेलं असलं तर नेटवर्कचं, आणि फोटो, ॲप, खातं असं दिसलं तर लगेच मागं यायचं.

चाटी_गल्ली_शेट
पोरानं काय दाबलं ते मी बघितलं नव्हतं हे खरंय. पण वडलांना आता रीसेट शब्द उच्चारलेला चालत नाही.

टॉवेलवाली_वहिनी
मामा!! बटण बंदच होतं. खाली कंपनीचं नाव आणि पुढं महाराष्ट्र असं निवडलेलं. पुतण्याला विचारलं तर तो म्हणाला, काकांचं शेत मंद्रूपच्या पुढं, तिथं फोन सारखा कर्नाटकचा टॉवर पकडायचा आणि बोलताना आवाज तुटायचा, म्हणून त्यानं हातानं महाराष्ट्राचं निवडून ठेवलं. शेतावरचं काम झालं पण विजापूरचं बंद पडलं, आणि महिनाभर कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता चालू केलंय, उद्याच्या फेरीला कळंल.

होटगी_रोडचे_मामा
हां, बरोबर सापडलं. आपल्या लोकांना वाटतंय कंपनी एक म्हणजे नेटवर्क एक. तसं नसतंय, आपल्याकडं एकाच कंपनीचा महाराष्ट्राचा आणि कर्नाटकाचा नेटवर्क नंबर वेगळा असतो. आपोआप ठेवलं तर फोन मुकाट्यानं एकावरून दुसऱ्यावर जातो. हातानं एक निवडून दिलं की तो तेवढंच धरून बसतो, ते नसलं तर शेजारी भरलेली रेंज असूनपण जात नाही. दुकानदारानं रीसेट केलं असतं तरी तुमचं काम झालं असतं, कारण रीसेटमध्ये हे बटणपण परत आपोआपवर येतंय. पण त्यासाठी घरचं वाय-फाय, कारखान्याचं वाय-फाय, टेम्पोतल्या ब्लूटूथ टेपची जोडणी सगळं घालवायचं काय कारण, एका बटणाचं काम ते.

जुळे_सोलापूर_मास्तरीण
मी मराठी शिकवते म्हणून शब्दाकडं येते. ‘उडवणे’ वाईट, कारण त्यात परत न मिळणं हाय, पैसे उडवले तसं. ‘मिटवणे’ तर फोननं दुसऱ्याच कामाला लावलाय. मला ‘कोरं करणे’ सुचतंय. आपल्या सोलापुरात कोरं कापड म्हटलं की सगळ्यांना कळतंय, वापरायच्या आधीचं.

होटगी_रोडचे_मामा
मास्तरीणबाई, शब्द छान हाय पण अर्ध्याच कामाला बसतोय. वाय-फायची यादी आणि ब्लूटूथची यादी खरंच कोरी होते, पासवर्डासकट, ती परत आपोआप भरत नाही. पण मोबाइल डेटाची बाजू कोरी होत नाही. तिथं एपीएन म्हणून एक नाव असतंय, फोन इंटरनेटला कुठल्या दारानं जाणार ते. हातानं भरलेलं एपीएन जातंय आणि सिम बघून फोन कंपनीचं ठरलेलं परत बसवतोय. म्हणजे एकीकडं पाटी पुसली, दुसरीकडं पहिल्या दिवशी होतं तसं मांडून ठेवलं. एकाच बटणात दोन कामं, म्हणून एक शब्द पुरत नाही असं मला वाटतंय.

जुळे_सोलापूर_मास्तरीण
मग ‘मूळपदावर आणणे’? पाटी दुकानातून आणली तेव्हा कोरीच होती, म्हणजे कोरं होणंपण मूळपदावर येणंच की.

सात_रस्ता_सन्या
मूळपदावर म्हणजे फॅक्टरी रीसेट वाटतंय मॅडम, शेटजींचे फोटो परत उडतील 🙏

जुळे_सोलापूर_मास्तरीण
म्हणून कशाचं ते आधी बोलायचं. ‘जोडण्या मूळपदावर’. नुसतं रीसेट म्हणायचंच नाही, मराठीत असो की इंग्रजीत.

एमआयडीसी_नाईट_शिफ्ट
मग हे करायचं तरी कधी? मला तर करूनच सुटलं होतं. मी व्हीपीएनचं एक ॲप टाकलेलं, नंतर काढलं, मग कुणाच्या सांगण्यावरून प्रायव्हेट डीएनएसमध्ये काहीतरी टाईप केलं, एपीएनपण बदललं, आणि मग घरचं वाय-फाय, कंपनीचं वाय-फाय, मित्राचा हॉटस्पॉट, मोबाइल डेटा, कशावरच एक पान उघडंना, जोडलेलं मात्र सगळीकडं दाखवतंय. बंद करून चालू केलं, विमान मोड केला, काही नाही. शेवटी नेटवर्क रीसेट मारलं आणि दोन मिनिटात चालू.

होटगी_रोडचे_मामा
तुझं केलंस ते बरोबरच. चार ठिकाणी हात लावला, कुठला नडतोय ते आठवत नाही, आणि बिघाड एकाच फोनला पण सगळ्या नेटवर्कवर. अशा वेळी एकेक उलटं करत बसण्यापेक्षा रीसेट बरं. पण एकाच वाय-फायवर अडत असलं तर तेवढ्या एका वाय-फायला ‘विसरा’ म्हणायचं आणि पासवर्ड परत टाकायचा, आणि डेटाच जात नसला तर एपीएनच्या पानावर तीन टिंबांत तेवढंच मूळ करायची सोय बऱ्याच फोनला असते. आणि दुसऱ्याच्या फोनलापण तिथं चालत नसलं तर आपल्या फोनला हात लावून उपयोग नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर नेट चालत नाही म्हणून लोक रीसेट करतात, तिथं टॉवरवर माणसंच एवढी असतात की फोन काय करणार.

करायच्या आधी एक काम मात्र करा. वाय-फायच्या पानावर जोडलेल्या नावावर जाऊन `Share` दाबलं की चौकोनी कोड येतो आणि काही फोनवर त्याखाली पासवर्डपण लिहिलेला असतो, अँड्रॉइड 10 पासून हे हाय. तो कागदावर घ्या. आणि फोनात ई-सिम असलं तर रीसेटच्या पानावर ई-सिमपण मिटवायचं का अशी चौकट काही फोनवर येते, ती रिकामीच ठेवा, नाहीतर नवीन ई-सिमसाठी कंपनीच्या मागं फिरावं लागंल.

विडी_घरकुल_अक्का
आयफोनलापण असंच का? लेकीकडं हाय.

एमआयडीसी_नाईट_शिफ्ट
जवळजवळ असंच अक्का. `General` मध्ये अगदी खाली `Transfer or Reset iPhone`, त्यात `Reset`, त्यात `Reset Network Settings`. फोटो जात नाहीत. वाय-फाय जातंय, आणि फोनला आपण दिलेलं नाव जाऊन परत नुसतं iPhone होतंय, त्यामुळं हॉटस्पॉट शोधताना घरातले गोंधळतात. आधीच्या पानावर `Reset` च्या खालीच `Erase All Content and Settings` असतंय, त्याला बोट लावायचं नाही.

टॉवेलवाली_वहिनी
दीर पूल ओलांडून झळकीत चहाला थांबलेत, तिथून व्हिडिओ कॉल केला मला, मागं कन्नड पाट्या दिसत होत्या. रीसेट करायची वेळच आली नाही. पण कारखान्याच्या वाय-फायचा पासवर्ड मामांनी सांगितला तसा कोडखालून बघून वहीत लिहून ठेवलाय, तो घरात एकालाही पाठ नव्हता. आता शेतावर गेल्यावर परत कर्नाटकचा टॉवर पकडणार आणि आवाज तुटणार, त्याचं काय करायचं मामा?

होटगी_रोडचे_मामा
त्याला चांगलं औषध नाही वहिनी. शेतावर असताना हातानं निवडा, टेम्पोत बसायच्या आधी आपोआपवर टाका. पुतण्याला सांगून टेम्पोच्या काचेवर चिठ्ठी लावा.

जुळे_सोलापूर_मास्तरीण
चिठ्ठीवर काय शब्द लिहिणार ते मला कळवा.