मदत हवी आहे : बोकड ताठला आहे, पोट फुगले आहे

आरेचा_शेळीवाला : माझा चार महिन्यांचा बोकड काल सकाळपासून लाकडासारखा ताठून उभा आहे. तो काहीही खात नाही आणि त्याचे पोट डाव्या बाजूने फुगले आहे. कोणते औषध द्यावे, ते कृपया लवकर सांगा.

तबेला_जोगेश्वरी : हा पोटफुगीचाच प्रकार आहे. शंभर मिलिलिटर गोडेतेल पाजा, तासाभरात आराम पडेल.

निवृत्त_पशुवैद्य : कृपया तेल पाजू नका. त्याआधी सांगा, त्याचा जबडा उघडतो का, कान कसे आहेत, आणि गेल्या तीन आठवड्यांत एखादी जखम किंवा खच्चीकरण झाले होते का? तोंडात हात मात्र घालू नका, कारण रेबीजची शक्यता अजून नाकारता येत नाही.

आरेचा_शेळीवाला : खच्चीकरणाची रबरी कडी बारा दिवसांपूर्वी लावली, पण त्याचा पोटाशी काय संबंध? तोंड उघडत नाही, कान उभे आहेत आणि शेजारच्या कुकरची शिट्टी वाजली की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर सरकतो. लस तर दिलेली आहे.

निवृत्त_पशुवैद्य : संबंध आहे, कारण ही सर्व लक्षणे धनुर्वाताची आहेत. कडीखालचे मांस रक्ताविना मरते आणि माती व लेंडीतले जंतू अशा हवाबंद जागी विष तयार करतात. स्नायू आखडल्याने ढेकर येत नाही, म्हणून पोट फुगते. गिळता येत नसताना पाजलेले तेल फुप्फुसात जाईल. लस कोणती होती?

आरेचा_शेळीवाला : आंत्रविषाराची.

निवृत्त_पशुवैद्य : आपल्याकडे आंत्रविषाराची जी लस सहसा देतात, तिच्यात धनुर्वाताचे संरक्षण नसते. तरीही बाटलीवरचे नाव पाहून घ्या.

बर्डिझो_समर्थक : म्हणूनच मी कायम बर्डिझो चिमटा वापरतो. कातडी फाटत नाही आणि जखमच होत नाही.

निवृत्त_पशुवैद्य : धोका कमी होतो हे खरे, पण चिमट्याने कातडी चिरडली गेली तर तोही सुरक्षित राहत नाही.

तबेला_जोगेश्वरी : माझी म्हैस अडली होती आणि तिची वारही अडकली होती, तेव्हा ती दहाव्या दिवशी अशीच ताठली. आता मेडिकलमधून टीटीचे इंजेक्शन आणून टोचले तर चालेल ना?

निवृत्त_पशुवैद्य : टीटीने प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे तरी लागतात, त्यामुळे आज तिचा उपयोग नाही. आज प्रतिविष आणि पेनिसिलिन हवे, आणि प्रतिविष दिल्यावर डॉक्टरांनी मृत भाग काढून जखम उघडी ठेवावी. तोपर्यंत त्याला अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. नसांना चिकटलेले विष प्रतिविषाने निघत नाही, म्हणून वाचण्याची खात्री देता येणार नाही.

आरेचा_शेळीवाला : डॉक्टरांनी संध्याकाळी पोटातला वायू सुईने काढला. प्रतिविष परळहून मागवले आहे. त्याच दिवशी आणखी तीन बोकडांना कड्या लावल्या होत्या, ते अजून चरत आहेत.

निवृत्त_पशुवैद्य : त्या तिघांसाठीही प्रतिविष मागवा, त्याचे संरक्षण दोन-तीन आठवडेच टिकते. टीटी त्याच दिवशी वेगळ्या जागी टोचता येते, आणि दुसरी मात्रा चार आठवड्यांनी. गाभण शेळ्यांना ती विण्याच्या महिनाभर आधी दिली, तर करडांना चिकातून संरक्षण मिळते.

बर्डिझो_समर्थक : आणि त्या तिघांच्या कड्या कापून टाकायच्या की नाहीत?

निवृत्त_पशुवैद्य : ते जागेवर पाहूनच ठरवता येईल.