मदत हवी: ओटीपी मुदत संपल्यावर उगवतो

घाईत_नाना: बँकेचा ओटीपी वेळेवर येतच नाही. येतो तेव्हा पान बंद झालेलं असतं. ‘पुन्हा पाठवा’ दाबून वैतागलो. फोन बंद-चालू करून झालाय. लवकर सांगा, आज पैसे भरायचेत.

सायली_क: सगळेच मेसेज उशिरा येतात की फक्त त्या बँकेचे? सिम एक की दोन?

जुना_खेळाडू: सिम भरलंय. जुने मेसेज उडवा, माझं तसंच झालं होतं.

तारायंत्र: सिम भरायचे दिवस गेले हो, आता मेसेज फोनमध्ये साठतात. फोनचीच जागा संपली असेल तर मात्र मेसेज अडू शकतो, तेवढं बघा. आणि नाना, ‘पुन्हा पाठवा’ थांबवा. बहुतेक ठिकाणी नवा कोड मागितला की जुना बाद होतो. मग उशिरा आलेला जुना कोड टाकून तुम्हीच खातं लॉक करून घ्याल.

गूगलचं मेसेजेस ॲप असेल तर उशिरा आलेला ओटीपी दाबून धरा आणि तीन ठिपक्यांतून तपशील उघडा. पाठवल्याची आणि मिळाल्याची, दोन्ही वेळा इथे लिहा. कोड लिहू नका!

सावध_मी: ओटीपी कोणालाही सांगू नये. हल्ली फसवणूक फार.

घाईत_नाना: कोणाला सांगतोय मी? पाठवला ११:०२, मिळाला ११:१३. सिम दोन, बाकीचे मेसेजही रखडतात.

तारायंत्र: पाठवल्याची वेळ सहसा मोबाइल कंपनीच्या मेसेज सेंटरचा शिक्का असतो. म्हणजे बँकेकडून निघालाय, अडकलाय सेंटर आणि तुमचा फोन यांच्यामध्ये. पहिल्या प्रयत्नात फोन सापडला नाही की सेंटर थोडं थांबून परत बघतं, आणि हे थांबणं वाढत जातं. फोन नेटवर्कवर नव्याने हजर झाला की सेंटरला वर्दी मिळते. म्हणून रखडलं की विमान मोड लावून काढा. त्या सिमचं वायफाय कॉलिंगही बंद करून बघा.

कोडवाला: एसएमएसचा नादच सोडा, ऑथेंटिकेटर ॲप घ्या.

सायली_क: बँक देत असेल तर ना!

मृद्गंध: माझ्या दोन्ही वेळा एकाच मिनिटातल्या, तरी मागितल्यापासून बऱ्याच वेळाने आला.

तारायंत्र: मग तुमचा उशीर शिक्का बसण्याआधीचा. बँक किंवा तिची मेसेज पाठवणारी एजन्सी. फोनमध्ये खुडबुड करून उपयोग नाही, मागितल्याची वेळ आणि या दोन वेळा देऊन बँकेकडे तक्रार करा.

जुना_खेळाडू: तरी मी म्हणतो, सिम बदलून बघा.

तारायंत्र: सिम खराब असतं तर कॉलही लागले नसते.

सायली_क: असं काही नाही. माझं जुनं सिम मधूनमधून नेटवर्क सोडायचं, कॉल मात्र बहुतेक वेळा लागायचे.

घाईत_नाना: विमान मोड काढल्याबरोबर तीन ओटीपी एकदम पडले. वायफाय कॉलिंग बंद केल्यावर पुढचा लगेच आला, पैसे भरले. पण आता आतल्या खोलीत फोनच लागत नाहीये. त्याला काय करू?