ब्रेक न लागणाऱ्या गाडीचं स्वप्न: तुमचे अनुभव लिहा

दिवाळीपासून हे स्वप्न मला आठवड्यातून दोनतीनदा पडतंय. कणकुंबी मागे टाकून चोर्ल्याचा उतार लागतो, गाडी मी चालवतेय, मागच्या सीटवर मुलगी झोपलीय. वळण येतं, ब्रेक दाबते, तर पेडल सरळ तळाला. गाडीला घाई नसते, ती आपली निवांत कठड्याकडे जात राहते. बहुतेक पहाटेच जाग येते, आणि उजवी पोटरी दुखत असते.

दिवसा काय चाललंय तेही सांगते. बाबांच्या शेताची वाटणी चाललीय. कागद सगळे कन्नडात. मला कन्नड बोलता येतं, वाचताना मात्र अडखळते. भाऊ बोट ठेवतो तिथे मी सही करते. असं स्वप्न कुणाला पडतं का? तेव्हा तुमचं काय चाललं होतं? — खानापूरची

निपाणीचा टेम्पोवाला: ताई, पेडल तळाला गेलं म्हणजे ऑइल गळतंय, नाहीतर लाइनीत हवा शिरलीय. तवंदी घाटात माझं झालंय एकदा. घाबरून चावी बंद करायची नाही, स्टेअरिंग जड होतं. पेडल पटापट पंप करायचं, एकेक गिअर खाली आणायचा, मग हँडब्रेक थोडा थोडा ओढायचा. एकदम ओढला तर मागची चाकं घसरतात.

खानापूरची: दादा, स्वप्नातल्या गाडीचं विचारलं ओ मी!

टिळकवाडी: ह्यात मनाबिनाचा काही संबंध नाही. स्वप्नं पडतात त्या झोपेत हातापायांचे स्नायू मेंदूच सैल सोडतो. पाय दाबायला जातो, दाबला जात नाही, म्हणून ब्रेक लागत नाही. विषय संपला.

शहापूरचे आजोबा: मला गाडी येतच नाही, तरी पडायचं. मी मागे बसलोय आणि पुढची सीट रिकामी. निवृत्तीनंतरचं ते वर्ष. मंडळी म्हणाली, शनिवारी मारुतीला तेल घाला. घातलं. स्वप्न चालूच राहिलं, पुढे कधी थांबलं तेही कळलं नाही.

चिकोडीची सून: माझ्या सासऱ्यांना बीपीसाठी मेटोप्रोलॉल सुरू केल्यावर भयंकर स्वप्नं पडायला लागली. डॉक्टरांनीच गोळी बदलली, मग कमी झाली. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, पण नवीन काही सुरू झालंय का तेवढं आठवून बघा.

समुपदेशक, बेळगाव: टिळकवाडी, स्नायू सैल पडतात हे बरोबर. पण सैल पायांनीच आपण स्वप्नात धावतो, जिनेही चढतो. मग ब्रेकच का लागत नाही, हे तेवढ्याने सुटत नाही. आणि ब्रेक म्हणजे अमुक, कठडा म्हणजे तमुक असा कोशही माझ्याकडे नाही.

ताई, अर्थ लावायच्या आधी हे करून बघा. दिवसा, जागेपणी, स्वप्न वहीत उतरवा. मग जिथून बदलावंसं वाटेल तिथून बदला. शेवट खराखुरा असायची गरज नाही, तुम्हाला पटला म्हणजे झालं. नंतर रोज दहावीस मिनिटं फक्त नवं स्वप्न डोळ्यांपुढे आणा, जुनं उगाळू नका. लोक चुकतात ते इथेच, रोज जुन्यापासूनच सुरुवात करतात. दोनतीन आठवडे तरी द्या. मात्र खरा अपघात झालेला असेल आणि तो दिवसाही डोळ्यांपुढे येत असेल, किंवा झोपेत खरोखर लाथा बसत असतील, तर वहीवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

खानापूरची: लाथा नाहीत, नवऱ्याला विचारलं. अपघातही नाही. वहीत आधी लिहिलं की गाडी उडते. दोन दिवस केलं, हसूच यायचं, पटेना. मग टेम्पोवाल्या दादांचं घेतलं: तिसरा गिअर, दुसरा, इंजिन कण्हतंय, पहिला, हँडब्रेक थोडा थोडा. गाडी कठड्याच्या अलीकडे थांबते, मी उतरून मुलीला पाणी देते. रात्री जेवणाआधी पंधरा मिनिटं.

खानापूरची (तीन आठवड्यांनी): गेल्या आठवड्यात एकदाच पडलं. गिअर आठवला नाही, पण स्वप्नातच वाटलं, हे मला येतं. कठड्यापर्यंत गेलेच नाही, त्याआधी जाग आली.

पण मधे आणखी एक झालं. शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाईंकडून सगळे कागद मोठ्याने वाचून घेतले. एका उताऱ्यावर माझं नावच नव्हतं. त्या दिवसापासून सही थांबवलीय, भाऊ बोलत नाही.

टिळकवाडी: मग वहीने गेलं की कागदाने?

समुपदेशक, बेळगाव: एका माणसावरून नाही सांगता येणार. वही चालू ठेवा.

निपाणीचा टेम्पोवाला: ताई, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलता का? त्यात पाणी धरतं, घाटात तापून उकळतं आणि पेडल मऊ पडतं. खऱ्या गाडीचं विचारतोय ओ.

खानापूरची: चार वर्षं झाली की ओ.